अस्सल समीकरणाशी रुजुवात

बीजगणिताच्या अभ्यासाविषयी आपल्या सीमाभागात अलीकडे जो वाद वारंवार ऐकू येतो, त्यात दोन्ही पक्ष एका लहानशा कृतीचा विचारच करीत नाहीत, आणि माझ्या मते साऱ्या वादाचा निकाल त्या कृतीवरच अवलंबून आहे. निपाणीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत कर्नाटकाच्या दहावीची तयारी करणारा मुलगा असो, किंवा गावाची वेस ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात, म्हणजे कागल तालुक्यात व महाराष्ट्राच्या हद्दीत, अकरावीला जाणारी मुलगी असो; सरावपत्रिकेचा कागद हाती पडला की मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि पडद्यावर उमटलेले उत्तर वहीत उतरून मोकळे व्हावयाचे, हा परिपाठ हद्दीच्या दोन्ही अंगांस सारखाच रूढ झाला आहे. एक पक्ष म्हणतो की यंत्र चुकत नाही, सबब उत्तर आले की काम संपले. दुसरा म्हणतो की यंत्राचे उत्तर विद्येला घातक, सबब त्याकडे पाहूही नये. आलेली किंमत कागदावरील मूळ समीकरणात स्वहस्ते घालून डावी बाजू व उजवी बाजू निरनिराळ्या काढून पाहावयाच्या, ज्याला आपले जुने मास्तर ताळा पाहणे म्हणत, त्या कृतीचे नाव मात्र कोणीच घेत नाही. या लेखात मला तिचीच बाजू मांडावयाची आहे. पण त्याबरोबरच, ताळा कोणत्या समीकरणाशी पाहावयाचा याविषयी जो घोटाळा सर्वत्र होतो, त्याचेही निराकरण करावयाचे आहे.

प्रथम एक उदाहरण अगदी जवळून पाहू. पत्रिकेवर पुढील समीकरण छापले आहे:

(x + 3)/2 − (x − 1)/3 = 4

आता असे समजा की ही पत्रिका झेरॉक्सची झेरॉक्स आहे, आणि दप्तरात कोंबताना ती उभी दुमडली गेली आहे. घडीची काळसर रेघ नेमकी दुसऱ्या अपूर्णांकातील वजाचिन्हातून गेली. आडव्या रेघेला उभी रेघ छेदून गेली म्हणजे अधिकचिन्ह होते, हे मोबाइलच्या कॅमेऱ्याला जसे दिसते तसेच तो घेतो. घडी कोणती आणि शाई कोणती हा विवेक त्याच्यापाशी नेहमी असतोच असे नाही. तेव्हा यंत्राने (x − 1) च्या जागी (x + 1) वाचले. पुढची सर्व रीत निर्दोष आहे. छेद २ आणि ३, त्यांचा लसावि ६, दोन्ही बाजूंस ६ ने गुणिले; 3(x + 3) − 2(x + 1) = 24; कंस सोडविले; x + 7 = 24; म्हणून x = 17. इतकेच नव्हे, तर खाली यंत्राने ताळाही दिला आहे: 20/2 − 18/3 = 10 − 6 = 4. डावी बाजू उजवीबरोबर आली, हिरवी खूण उमटली, आणि विद्यार्थ्याचे समाधान झाले.

हाच १७ आता कागदावरच्या समीकरणात घालून पाहा. पहिला अपूर्णांक 20/2, म्हणजे १०. दुसरा 16/3. वजाबाकी 14/3. उजव्या बाजूस ४ हवे होते. 14/3 म्हणजे ४ नव्हे. अर्ध्या मिनिटात निकाल लागला की उत्तर चूक आहे. खरे उत्तर १३: 16/2 − 12/3, म्हणजे ८ उणे ४, बरोबर ४.

या एका उदाहरणावरून पहिल्या पक्षाचे खंडन पुरेसे होते. त्यांचे प्रतिपादन असे असते की यंत्र स्वतःच ताळा करून दाखविते, मग विद्यार्थ्याने तोच उद्योग पुन्हा कशासाठी करावा? परंतु यंत्राने ताळा केला तो कशाशी? आपल्यापाशी उतरवून घेतलेल्या नकलेशी. नकलेवरून काढलेले उत्तर त्याच नकलेशी ताडून पाहिले, तर नक्कल करतानाची चूक कधीही उघडकीस येणार नाही. तंबाखूच्या व्यापारावर वाढलेल्या या गावात हे कोणासही समजावून सांगावे लागू नये: वजनाविषयी तक्रार उत्पन्न झाली असता तोच माल त्याच काट्यावर पुन्हा चढवून तक्रारीचा फैसला होत नाही, काटा दुसरा लागतो. कचेरीतही दस्तऐवजाची नक्कल तयार झाली म्हणजे एकाने अस्सल वाचावे व दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून रुजुवात घ्यावी, अशी वहिवाट होती. समीकरणाच्या बाबतीत अस्सल म्हणजे पत्रिकेवरील छापील ओळ. यंत्राच्या पडद्यावर सर्वांत वर जी ओळ दिसते ती अस्सल नव्हे. ती नक्कल होय.

येथे कोणी म्हणेल की ही वाचनातली चूक झाली, गणितातली नव्हे. स्वच्छ कागद दिला तर आक्षेप उरणार नाही. हे अंशतः खरे आहे, आणि जेवढे खरे आहे तेवढे मान्य केले पाहिजे. छायाचित्रावरून समीकरण उचलून ठरावीक नियमांनी ते सोडविणारी जी यंत्रे आहेत, त्यांचा कंस सोडविण्यात किंवा पद दुसऱ्या बाजूस नेण्यात सहसा प्रमाद होत नाही. त्यांचा धोका प्राधान्याने वाचनाचाच. शिक्षकाने हाताने लिहिलेल्या पत्रिकेत देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, देवनागरी ४ हा 8 सारखा, अक्षर x आणि गुणाकाराचे चिन्ह यांत भेद राहत नाही, आणि अपूर्णांकाची आडवी रेघ आखूड पडली तर अंशातले एक पद रेघेबाहेर निसटते. परंतु अलीकडे विद्यार्थी जी संभाषण करणारी यंत्रे वापरतात, त्यांची घडण निराळी आहे. ती शब्दामागून संभवनीय शब्द मांडीत जातात, आणि म्हणून कागद स्वच्छ वाचूनही मधल्या एखाद्या पायरीत घसरू शकतात. आपल्याच उदाहरणात −2(x − 1) हा कंस सोडविताना +2 लिहावयाचे तेथे −2 लिहिले, तर पुन्हा 3x + 9 − 2x − 2 = 24 हीच ओळ येते, आणि पुन्हा x = 17 हेच उत्तर. असे यंत्र शेवटी, सतरा घातले असता डावी बाजू चार येते, असे वाक्यही लिहून देऊ शकते. कारण पाठ्यपुस्तकांतून उदाहरणाचा शेवट तशाच वाक्याने होत असतो. त्या वाक्यामागे प्रत्यक्ष आकडेमोड झालीच असेल अशी खात्री नसते. काही यंत्रे आकडेमोड स्वतंत्र गणकाकडे सोपवितात, त्यांच्यात हा दोष पुष्कळ कमी झालेला आहे; तरी गणकाकडे काय सोपविले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दोन सर्वस्वी भिन्न कारणांनी एकच चुकीचे उत्तर आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. किंमत मूळ समीकरणात घालून पाहणाऱ्याला चूक कोठे झाली हे आधी ठाऊक असावे लागत नाही. कॅमेरा फसला की कंस फसला, याची चौकशी न करता तो उत्तर अमान्य करू शकतो. यंत्राच्या पायऱ्या एकामागून एक तपासणाऱ्याला मात्र पहिल्या प्रकारच्या चुकीचा पत्ताच लागणार नाही, कारण तेथे पायऱ्या सर्व बरोबर आहेत. उत्तरासोबत रीत आली की विश्वास वाढावा असे आपल्याला स्वभावतः वाटते. परंतु नकलेवर चालविलेली रीत कितीही शुद्ध असली तरी अस्सलाविषयी ती काहीच सांगू शकत नाही.

आता एक अधिक सूक्ष्म आक्षेप. शिकवण्या घेणारे काही विद्वान असे म्हणतात की किंमत घालून पाहणे हे बीजगणितच नव्हे. चौथीतल्या मुलालाही बेरीज-भागाकार येतो, त्यात दहावीच्या विद्यार्थ्याचे काय कौशल्य? मी उलट विचारतो की हाच त्या कृतीचा गुण नव्हे काय? उत्तर शोधणे कठीण असते आणि आलेले उत्तर खरे की खोटे हे पाहणे त्या मानाने सोपे असते, हा समीकरणाचा एक मोठा उपकारक धर्म आहे. इतिहास-भूगोलाच्या उत्तराला तो लाभलेला नाही. तेथे पडताळ्यासाठी दुसऱ्या ग्रंथाकडे धाव घ्यावी लागते, येथे पडताळ्याचे साधन प्रश्नातच ठेवलेले असते. शिवाय ही कृती बीजगणिताबाहेरची आहे हे म्हणणे परंपरेलाही धरून नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत इष्टकर्म म्हणून जो विधी दिला आहे, त्यात कोणतीही सोयीची संख्या इष्ट म्हणून घेऊन प्रश्नात सांगितलेल्या सर्व क्रिया तिच्यावर कराव्या, काय फळ येते ते पाहावे, आणि दिलेल्या फळाशी त्रैराशिक करून खरी संख्या काढावी, असा मार्ग आहे. म्हणजे प्रश्नाच्या शब्दांत संख्या घालून पाहणे हे तेथे प्रत्यक्ष उत्तर शोधण्याचेच साधन झाले आहे.

आणि कौशल्याचेच म्हणाल, तर ताळा जुळला नाही म्हणजे जे अंतर उरते त्याचे वाचन करण्यात पुष्कळ कौशल्य आहे. आपल्या उदाहरणात डावी बाजू 14/3 आली, हवी होती ४, अंतर 2/3. समीकरणास ६ ने गुणून छेद काढले होते, म्हणून या अंतरासही ६ ने गुणा: ४ येतात. एखाद्या पदाचे चिन्ह उलटे पडले म्हणजे फरक त्या पदाच्या दुप्पट पडतो. तेव्हा ४ चा फरक असेल तर २ हे पद संशयित. कंस सोडविल्यानंतरच्या ओळीत डाव्या बाजूस x वाचून असलेली पदे ९ आणि २ एवढीच आहेत. २ सापडला, आणि तो दुसऱ्या कंसातून आलेला आहे. त्या कंसाकडे परत गेले की वजाचिन्हाचा उलगडा होतो. हा पुरावा नव्हे, केवळ माग आहे, आणि दोन चुका एकत्र झाल्या असतील तर तो भलतीकडेही नेईल. तरीही ज्या विद्यार्थ्याला असा माग काढता येतो, त्याला छेद काढणे व चिन्ह बदलणे म्हणजे काय हे समजले आहे, असे मी निःशंक म्हणेन.

एवढे मंडन केल्यावर त्याची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे, कारण अस्सल कोणते हा प्रश्न शाब्दिक उदाहरणात अधिक बिकट होतो. पुढील उदाहरण घ्या. निपाणी ते कोल्हापूर हे अंतर ४० किलोमीटर मानू. बसचा वेग ताशी १० किलोमीटरने अधिक असता तर तिला १२ मिनिटे कमी लागली असती. तर बसचा वेग किती? यंत्राने समीकरण मांडले: 40/x − 40/(x + 10) = 12. त्यावरून 3x² + 30x − 100 = 0, आणि धन मूळ सुमारे २.६४. आता विद्यार्थ्याने २.६४ ही किंमत यंत्राच्या समीकरणात घातली, तर 40/2.64 म्हणजे सुमारे १५.१५, 40/12.64 म्हणजे सुमारे ३.१६, वजाबाकी ११.९९. दशांशात उत्तर तोडल्यामुळे जो शतांशाचा फरक पडला तो सोडला, तर ताळा उत्कृष्ट जुळला. आणि तरी निपाणीहून कोल्हापूरला जावयास बसला पंधरा तास लागतात, असा त्याचा अर्थ! जुळले ते १२ तास आहेत; प्रश्नात १२ मिनिटे होती. वेग ताशी असल्यामुळे काळही तासांत हवा, म्हणजे उजव्या बाजूस 1/5 हवा होता.

म्हणून शाब्दिक उदाहरणात अस्सल म्हणजे समीकरणही नव्हे. अस्सल म्हणजे प्रश्नाची वाक्ये. खरे समीकरण 40/x − 40/(x + 10) = 1/5 हे मांडले की x² + 10x − 2000 = 0 येते, आणि मुळे ४० व −५०. प्रश्नाच्या शब्दांशी ताळा पाहा: ताशी ४० ने ४० किलोमीटरला एक तास, ताशी ५० ने ४८ मिनिटे, अंतर १२ मिनिटे. येथे समीकरणाची गरजही लागली नाही. दुसरे मूळ −५० मात्र चमत्कारिक आहे, कारण समीकरणात ते तंतोतंत बसते: 40/(−50) म्हणजे −4/5, 40/(−40) म्हणजे −1, आणि −4/5 − (−1) = 1/5. समीकरणाची त्याविषयी काही तक्रार नाही; तक्रार आहे ती प्रश्नाची, कारण त्यात बसच्या वेगाचे परिमाण विचारले आहे आणि ते ऋण असू शकत नाही. जाता जाता एक व्यावहारिक सूचना करतो. ऋण किंमत घालताना ती नेहमी कंसात घालावी. कंस न घालता लिहिणारे विद्यार्थी शेवटच्या पायरीत −4/5 − 1 करून बसतात आणि जुळणाऱ्या उत्तराला न जुळणारे ठरवितात. ताळा जुळला नाही तर यंत्रास दोष देण्यापूर्वी आपली आकडेमोड एकदा फिरून पाहावी, हे न्यायाचेच आहे.

समीकरणास मान्य व प्रश्नास अमान्य अशा मुळाचा विचार आपल्याकडे आठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी झालेला आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन उणे करून जी संख्या येते तिच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली, आणि एक फांदीवर चढलेले दिसले, तर कळप केवढा? आजच्या लेखनात (x/5 − 3)² + 1 = x, आणि मुळे ५० व ५. पन्नास घाला: दहातून तीन गेले सात, वर्ग ४९, आणि एक, मिळून पन्नास. पाच घाला: एकातून तीन गेले उणे दोन, वर्ग ४, आणि एक, मिळून पाच. दोन्ही ताळे बिनचूक. तथापि दुसरे उत्तर आचार्यांनी अनुपपन्न म्हणून त्याज्य ठरविले, कारण प्रत्यक्ष वस्तूंच्या ऋण संख्येवर लोकांची प्रतीती बसत नाही. उणे दोन वानरांचा वर्ग करण्यास बीजगणिताची हरकत नाही. पण कळपातून उणे दोन वानरे मोजून कोणी वेगळी काढू शकत नाही. त्याच ग्रंथात कळपाच्या आठव्या हिश्श्याच्या वर्गाचे आणि उरलेल्या बारा वानरांचे उदाहरण आहे; तेथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे प्रश्नाच्या शब्दांत नीट बसतात, आणि दोन्ही स्वीकारली जातात. एक उत्तर टाकले आणि दुसरीकडे दोन्ही ठेवली, हा फरक कोणत्या नियमाने केला? समीकरणाकडे पाहून नव्हे. वाक्याच्या प्रत्येक तुकड्यात संख्या घालून, मधल्या पायरीला अर्थ उरतो की नाही हे पाहून. ज्यांना यंत्राने दिलेली दोन उत्तरे वहीत उतरवून दोहोंखाली रेघ मारण्याची सवय लागली आहे, त्यांच्यापुढे ही दोन उदाहरणे जोडीने ठेवावीत.

दुसरी मर्यादा थोडक्यात सांगता येईल. किंमत घालून पाहिल्याने दिलेले उत्तर खरे ठरते. सर्व उत्तरे दिली आहेत असे ठरत नाही. x² = 5x या समीकरणाच्या दोन्ही बाजूंस x ने भाग देऊन x = 5 असे उत्तर कोणी दिले, तर ताळा २५ बरोबर २५ असा निर्दोष येतो; परंतु ० हे मूळ भागाकारात नाहीसे झाले आहे आणि ताळ्याला त्याची दाद नाही. यावर उपाय दहावीच्या अभ्यासक्रमातच आहे: x² चा सहगुणक १ असता मुळांची बेरीज म्हणजे x च्या सहगुणकाची उलट चिन्हाची किंमत, आणि गुणाकार म्हणजे शेवटचे पद. बसच्या समीकरणात ४० आणि −५० यांची बेरीज −१०, गुणाकार −२०००. दोन्ही जमले, म्हणजे मूळ सुटलेले नाही. x² − 5x = 0 मध्ये बेरीज ५ हवी; एक मूळ ५ सापडले, तर दुसरे ० असल्यावाचून गत्यंतर नाही.

आता राहिला बंदी घालू पाहणारा पक्ष. त्यांची कळकळ मी जाणतो. वहीत उत्तर आहे आणि डोक्यात काही नाही, ही त्यांची व्यथा खरी आहे. पण घरोघरी मोबाइल असताना बंदीची अंमलबजावणी कोणी करावयाची? आणि यंत्राआधीही पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची होतीच, तिच्यातही मुद्रणदोष असत, आणि ताळा पाहणारा विद्यार्थी ते दोष पकडीत असे. माझी तजवीज निराळी आहे. शिक्षकांनी अशी पत्रिका काढावी की तिच्यात समीकरणे आहेत आणि त्यांच्यापुढे उत्तरेही छापलेली आहेत, काही बरोबर, काही चूक; आणि विद्यार्थ्याने प्रत्येकाखाली दोनच ओळी लिहावयाच्या, एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची, मूळ छापील समीकरणावरूनच, मधल्या कोणत्याही सरळ केलेल्या रूपावरून नव्हे. जेथे दोन ओळी जुळणार नाहीत तेथे अंतर किती पडले ते लिहावे आणि संशयित पदाखाली रेघ ओढावी. पत्रिकेत एक उदाहरण x² = 5x याच्या जातीचे असावे, त्याच्यापुढे केवळ ५ छापलेले; एक शाब्दिक असावे, ज्यात मिनिटे व तास यांची गफलत मुद्दाम ठेवलेली असेल; आणि चुकीच्या उत्तरांइतकीच बरोबर उत्तरेही असावीत, नाहीतर सगळीकडे फुली मारण्याची सवय जडेल. अशा पत्रिकेचे छायाचित्र यंत्राला दाखवावयाचे असेल तर खुशाल दाखवू द्यावे. यंत्राच्या निकालाखालीही त्याच दोन ओळी लिहाव्या लागतील.